प्लंबरला कथेत घेऊ नका

"ताई, मी धुळ्यात राहते, वय २६. मी एक कथा लिहिली, सगळी व्हॉट्सअॅपच्या मेसेजमधून. खाली खडूस घरमालक, वर भाड्याने राहणारा तरुण. भिंतीला ओल येते, मालक म्हणतो तुझ्या कूलरमुळे. भांडण वाढतं. मग प्लंबर येतो, खरं कारण सांगतो, मालक लांबलचक माफी मागतो आणि दोघांची मैत्री होते. दोन ठिकाणांहून कथा परत आली. एकांनी लिहिलं, 'मैत्री पटली नाही.' मैत्रीण म्हणते, 'एकाच घरात राहतात, मग बोलत का नाहीत?' दोन्हींची उत्तरं मला सुचत नाहीत. कथा टाकून देऊ का?"
— एक वाचक, धुळे

टाकू नका. तुम्ही पाठवलेला खर्डा मी तीनदा वाचला. ओल आणि कूलर ही जोडी तुम्ही अगदी बरोबर निवडली आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये कूलर लागला नाही तर माणूस झोपत नाही, आणि कूलर लागला की घरमालकाची नजर भिंतीवर जाते. दुखणं दुसरीकडे आहे, आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे असं मला वाटतं.

मैत्रिणीच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो जास्त खोल आहे. जिना उतरलं की माणूस समोर आहे, तरी हे दोघं लिहीत का बसतात? तुमच्या मालकाच्या पहिल्याच मेसेजमध्ये एक ओळ आहे: "फोन करायचा नाही. काय ते मेसेजवर." तुम्ही ती त्याचा तोरा दाखवायला लिहिलीत आणि पुढे विसरून गेलात. माझ्या मते तुमची सगळी कथा त्या ओळीत आहे. त्याला फोन का नको? समजा, त्याला कमी ऐकू येतं. फोनवर अर्धं बोलणं निसटतं, समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, आणि ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावली त्याला ते सहन होत नाही. भाडेकरूला हा माज वाटतो. वाचकालाही शेवटपर्यंत तसंच वाटू द्या. आता मेसेज ही नुसती सोय उरली नाही, ते त्याचं लपण्याचं ठिकाण झालं.

यावर दुरुस्ती बसवू. तुमच्या खर्ड्यात ओलीचं कारण प्लंबर सांगतो. पण हा प्लंबर मेसेजच्या बाहेरून येतो, त्याने सांगितलेलं कारण वाचकाला आधी कुठेच दिसलेलं नसतं, म्हणून मालकाची माफीही उसनी वाटते. मेसेजमधून सांगायच्या कथेची एक मोठी ताकद असते: जे घडलं त्याची नोंद तारीख-वेळेसह दोघांच्याही हातात असते, फक्त ती कोणी मागे सरकवून वाचलेली नसते. ओल कुठून येते याचं उत्तर त्याच गप्पांत, दहा-बारा दिवस वर, पडून असू द्या.

धुळ्यातल्या एका जुन्या दुमजली घराचं उदाहरण घेते. नळ दर पाचव्या दिवशी येतो. पाणी खाली हौदात पडतं आणि तिथून अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरने गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढतं. टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा बॉलकॉक टाकीला नाही, जुन्या घरांत तो अनेकदा नसतोच. टाकी भरली हे कळतं ओव्हरफ्लोच्या पाईपमुळे: त्यातून पाणी न्हाणीच्या पत्र्यावर धो धो पडायला लागलं की मालक मोटर बंद करतो. घड्याळ लावून चालत नाही, कारण उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि मोटरचा वेळ बदलतो. गच्चीवर जाऊन बघायचं तर त्याचे गुडघे साथ देत नाहीत. म्हणजे त्याचा सगळा भरवसा कानावर. हे मात्र तुम्ही कथेत कुठेही समजावून सांगायचं नाही. तो शिस्तीचा माणूस आहे, मोटर चालू असताना वर नळ सोडला तर टाकी भरत नाही, म्हणून तो दर वेळी दोन मेसेज टाकतो. एवढंच.

७ एप्रिल
६:१० मोटर लावली. वरचे नळ बंद ठेवावेत.
६:३३ मोटर बंद.

१२ एप्रिल
६:०५ मोटर लावली. वरचे नळ बंद ठेवावेत.
६:२७ मोटर बंद.

वाचक हे मेसेज ओलांडून पुढे जाईल, त्याला वाटेल हा म्हातारा किती कंटाळवाणा आहे. जाऊ द्या. १९ तारखेला भाडेकरू मुलगा कूलर आणतो. "खिडकीत लावू का?" असं विचारतो, उत्तर येतं: "लावावा. भिंतीस पाणी लागता कामा नये." २० तारखेच्या सकाळी तो लिहितो, "रात्री वादळात गच्चीवर काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला." मालकाचं उत्तर: "शेजारचे पत्रे असतील." मग पुढचा नळ.

२२ एप्रिल
६:१२ मोटर लावली. वरचे नळ बंद ठेवावेत.
६:५१ मोटर बंद.

बावीस-तेवीस मिनिटांचं काम एकोणचाळीस मिनिटांवर गेलं. वादळात ओव्हरफ्लोचा पाईप टाकीपाशीच तुटला आहे. आपल्याकडच्या उन्हात उघड्यावरचा पीव्हीसी पाईप काही वर्षांत ठिसूळ होतो, मग एखादी फांदी पडली तरी पुरते. आता पाणी पत्र्यावर न पडता टाकीच्या बुंध्याशी गच्चीवरच सांडतं, आवाज होत नाही, आणि खाली बसलेला म्हातारा कान लावून वाट बघत राहतो. ही मोटर मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस लिटर चढवते असं धरा. सतरा मिनिटं जास्त चालली तर सातशे लिटरच्या आसपास पाणी गच्चीवर गेलं. वादळात उडालेल्या पालापाचोळ्याने पन्हाळीचं तोंड अर्धं बुजलं आहे, म्हणून ते कठड्याच्या कडेला साचतं आणि स्लॅब जिथे भिंतीला मिळतो तिथल्या जुन्या भेगेतून हळूहळू उतरतं. संध्याकाळपर्यंत वरच्या खोलीच्या भिंतीवर डाग दिसतो. मोटर चालू असते त्या वेळी मालकाची बायको, काकू, समोरच्या नळावर पिण्याचं पाणी भरत असतात, म्हणून त्यांनाही काही कळत नाही. एवढी सोय केली की शंका काढणारा वाचकही गप्प बसेल.

इथे गैरसमज. तुमच्या खर्ड्यात मुलगा ओलीचं सविस्तर वर्णन लिहितो. त्याची गरज नाही. त्याने फक्त एक फोटो पाठवावा आणि खाली दोन शब्द: "हे बघा." त्याला म्हणायचं आहे, भिंत ओली झाली, दुरुस्ती करून द्या. पण फोटोत खालच्या कोपऱ्यात कूलर आला आहे. मालकाला ओलीच्या आधी कूलर दिसतो, आणि "हे बघा" हे शब्द त्याला आगाऊपणाचे वाटतात. तो लिहितो: "सांगितलं होतं. कूलर काढावा. रंगाचा खर्च डिपॉझिटमधून." दोघांपैकी कोणीही खोटं बोललेलं नाही, कोणी दुष्टही नाही. कूलर १९ला आला, ओल २२ला आली, त्या जागी तुम्ही-मी असतो तरी हाच हिशेब केला असता. मालक बरोबर विचार करून चुकतो, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या खर्ड्यात तो नुसता तिरसट आहे म्हणून चुकतो, आणि तसल्या माणसाशी पुढे कोणाची मैत्री झालेली वाचकाला पटत नाही.

ओलीबद्दल एक माहिती तुमच्या मुलाला असायला हवी, कारण त्याच आधारावर तो पुढे विचार करेल. कूलरची गळती असेल तर डाग खिडकीच्या चौकटीखालून सुरू होतो, कूलर चालू असतो त्या काळात वाढतो आणि दोन दिवस बंद ठेवला की सुकायला लागतो. वरून येणारी ओल स्लॅबच्या सांध्यापासून खाली उतरते आणि पाणी सांडल्यानंतर काही तासांनी दिसते. मुलगा २४ तारखेला कूलर बंद करतो, रागानेच. उकाड्यात तीन रात्री काढतो. डाग सुकत जातो. मालकाला वाटतं आपण जिंकलो. आणि २७ला, मोटर ६:०८ ते ६:४९ चालल्यानंतर, संध्याकाळी भिंत पुन्हा ओली होते.

त्याच सकाळी ८ वाजता मालकाचा मेसेज: "गच्चीवर पाणी कोणी सांडलं? रात्री झाकून ठेवलेल्या बिबड्या भिजल्या." मुलगा: "मी वर गेलोच नाही." मालक: "मग कूलरचं पाणी कुठे ओतता?" आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली आहे (२०२५ साल धरलं तर ३० एप्रिल), माहेरी येणाऱ्या लेकीसाठी काकूंनी त्या ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या घातल्या होत्या. हा भांडणाचा कळस. घरमालकाच्या पैशापेक्षा काकूंच्या बिबड्या भिजणं हे आपल्या वाचकाला जास्त लागेल, तुम्हालाही ते ठाऊक आहे. (एक विनंती. खर्ड्यात मालक मे महिन्यात भरीत-भाकरीला बोलावतो. भरिताची वांगी थंडीतली. खानदेशातला वाचक तिथेच थांबेल.)

आता एका व्हॉइस मेसेजबद्दल. तुमच्या मुलाने सगळं लिहून पाठवण्याऐवजी २४ तारखेच्या रात्री एक मिनिट चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवावा. त्यात तो काय बोलला हे वाचकाला सांगू नका. फक्त कंसात नोंद करा: (व्हॉइस मेसेज, १:४०). समोरच्याने ऐकला की पाठवणाऱ्याच्या फोनवर माईकची खूण निळी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे ती निळी होत नाही. तीन दिवसांनी मुलगा लिहितो, "निदान ऐका तरी." मालक उत्तर देत नाही. यापेक्षा मोठा अपमान त्या मुलाला वाटत नाही, आणि तो बिचारा म्हातारा मात्र त्या त्रिकोणावर बोट ठेवायलाच घाबरतो आहे. त्याला ऐकू आलं नाही तर? गेले दोन नळ त्याला पत्र्यावरचं पाणीसुद्धा ऐकू आलेलं नाही.

तुम्ही मालकाला माफी मागायला लावता, मी त्याला ही भीती देते. तो आतल्या आत समजून बसला आहे की आता उरलेले कानही गेले. म्हणून तो मोटर जास्त वेळ चालू ठेवतो, म्हणून जास्त चिडतो, म्हणून कोणाला सांगत नाही. ओल, मोटर, फोन नको, व्हॉइस मेसेज, सगळं एकाच जागी येऊन मिळालं.

उलगडा १ मेच्या रात्री. मुलगा डिपॉझिटचं भांडण करायला पुरावा शोधत मेसेज वर सरकवतो. त्याचा शोध तुम्ही दाखवू शकत नाही, कारण तो एकटा आहे आणि एकटा माणूस स्वतःला मेसेज करत नाही. दाखवू नकाच. रात्री १०:५० ला त्याने अचानक एवढंच विचारावं:

— उद्या मोटर लावाल तेव्हा मी गच्चीवर जातो. चालेल का?
— कशाला.
— पानी कथाईन येस ते देखनं शे.

आणि अकरा मिनिटांनी:

— तू कथाना?
— साक्रीना.

इथपर्यंत दोघंही शाळेत शिकल्यासारखी, "लावावा, काढावा" अशी ताठ मराठी लिहीत होते. पाणी कुठून येतं ते बघायचं आहे, एवढंच सांगताना मुलाच्या बोटातून अहिराणी निसटते, घाईत, ठरवून नाही. तो कुठला, असं विचारून मालक पहिल्यांदाच त्याची चौकशी करतो, आणि पहिल्यांदाच "तू" म्हणतो. तुमच्या खर्ड्यात मुलगा आठव्या मेसेजपासून अहिराणी बोलतो, म्हणून शेवटी ती बोली काही करत नाही. ती राखून ठेवा, आणि कथेभरात पाच-सहा ओळींपलीकडे नेऊ नका. तुमच्या आजीला त्या ओळी मोठ्याने वाचून दाखवा. साक्रीकडची अहिराणी आणि अमळनेरची अहिराणी कानाला वेगळी लागते, आणि तुमचा मुलगा साक्रीचा आहे.

२ मेची सकाळ.

६:०९ मोटर लावली.
६:३१ आप्पा, बंद करा.
६:३१ मोटर बंद.

पुढचा मेसेज ७:२४ चा. मधली त्रेपन्न मिनिटं कोरी. तुमच्या खर्ड्यात जिथे प्लंबरचं भाषण आहे तिथे मी ही कोरी जागा ठेवीन. म्हातारा गुडघे धरत जिना चढला असेल, दोघं तुटक्या पाईपपाशी उभे राहिले असतील, काय बोलले असतील ते वाचकाचं वाचक बघून घेईल. एकत्र असलेली माणसं मेसेज करत नाहीत, म्हणून या प्रकारच्या कथेत जवळीक दाखवायला कोरी जागा लागते. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. माझ्या एका जुन्या कथेत दोघी बहिणी एका खोलीत बसून एकमेकींना मेसेज करत होत्या, आणि ते मला छापून आल्यावर दिसलं.

७:२४ ला मालक काय लिहितो? "माफ कर" लिहीत नाही.

— पाईप आणाले चालनू. तोंड सव्वा इंची ना?
— हो. एक एल्बो पण लागेल.
— बरं.

ज्याने आजवर फक्त हुकूम दिले तो माप विचारतो आहे. तुम्ही लिहिलेल्या एकशेवीस शब्दांच्या माफीचं सगळं काम हा एक प्रश्न करतो. डिपॉझिटचा विषय पुन्हा काढू नका. कूलर परत चालू झाला, हेही सांगायची गरज नाही.

कानांची गोष्ट त्याच रात्री येऊ द्या, आणि एकदाच. ९:४० ला मालक लिहितो: "दोन नळ झाले, पाण्याचा आवाज येत नव्हता. वाटलं कान गेले." मुलाने यावर सहानुभूती दाखवायची नाही, डॉक्टरचं नाव सुचवायचं नाही, मशीन लावा असं म्हणायचं नाही. तुमचा मुलगा मायाळू आहे, त्याला बोलायची हौस आहे, म्हणून तुम्हाला हे अवघड जाईल. त्याने एवढंच लिहावं: "पाईपच गेला होता, आप्पा." त्याला कान खरंच थोडे कमी आहेत हे आता कळलं आहे, पण ज्या गोष्टीची म्हाताऱ्याला सर्वांत जास्त धास्ती होती ती घडलेलीच नाही, आणि मुलगा तेवढीच त्याच्या हातात ठेवतो. संपादकांना जी मैत्री पटली नव्हती ती इथे झालेली असेल. नंतर चहाला बोलावलं नाही तरी चालेल.

३ मेला कोणीच काही लिहीत नाही. फक्त कंसात एक नोंद करा: (२४ एप्रिलचा व्हॉइस मेसेज, १:४०. ऐकला.) लेक आखाजीला आली आहे, तिने फोन कानाशी धरून लावला असेल, आवाज वाढवला असेल. त्यात मुलगा रागाने काही बोलला असेल, आणि आप्पांनी ते ऐकूनही काही लिहिलेलं नाही. याचा अर्थ लावायला वाचकाला दोन ओळींएवढी जागा सोडा.

शेवटचा नळ ७ मेचा. नव्या पाईपमधून पाणी पहिल्यांदा पत्र्यावर पडणार आहे. त्या सकाळचे दोनच मेसेज ठेवा आणि पुढे एक शब्दही लिहू नका, मोह झाला तरी.

६:०८ मोटर लावी.
६:३० आवाज उना.